भाडं एकाचं, जोखीम दुसऱ्याची

सांगलीहून हळदीचा एक चाळीस फुटी कंटेनर हॅम्बुर्गला निघाला, असं समजू. आत पॉलिश केलेली हळकुंडं, पन्नास किलोची चारशे पोती, म्हणजे २० टन. किलोला दीडशे रुपये धरले तर माल ३० लाखांचा. दीड-दोन महिन्यांनी हॅम्बुर्गच्या गोदामात कंटेनरची दारं उघडली, तर वरच्या थरातली साठेक पोती ओली आणि त्यांतल्या हळकुंडांवर बुरशी. साडेचार लाखांचा माल गेला. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं: सौदा ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ होता, हॅम्बुर्गपर्यंत माल धड पोचवणं तुमचं काम, तेव्हा तेवढे पैसे कापून घेतो.

सांगलीचा व्यापारी हे पत्र वाचून चरफडेल, पण मनातून त्याला ते पटेलही. जहाजाचं भाडं त्यानेच भरलं होतं, विमाही त्यानेच उतरवला होता. मग वाटेतलं नुकसान त्याच्याच माथी येणार, नाही का?

नाही. पत्रातला युक्तिवाद चूक आहे. मात्र पैसे शेवटी कुणाचे जातील, हे सांगण्यासाठी आधी एक गोष्ट शोधावी लागेल, आणि ती म्हणजे पोती भिजवणारं पाणी कुठलं होतं.

आंतरराष्ट्रीय व्यापारात विकणारा आणि घेणारा यांच्यातल्या कामांची, खर्चांची आणि जोखमीची वाटणी ठरवणाऱ्या तीन-तीन अक्षरी संज्ञांचा एक संच आहे. त्याला इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने तो पहिल्यांदा १९३६ साली काढला. सध्याची आवृत्ती २०२०ची आहे आणि तिच्यात अकरा संज्ञा आहेत. आपल्याकडच्या निर्यातदारांच्या तोंडी त्यातल्या दोन सतत असतात: एफओबी, म्हणजे फ्री ऑन बोर्ड, आणि सीआयएफ, म्हणजे कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट. दोन्ही फक्त समुद्र आणि अंतर्गत जलमार्गांसाठी आहेत; विमानाने जाणाऱ्या मालाला ‘एफओबी मुंबई विमानतळ’ लिहिण्याची पद्धत सर्रास दिसते, पण इन्कोटर्म्सच्या लेखी तिला अर्थ नाही.

एफओबी समजायला सोपी आहे. विकणाऱ्याने माल निर्यातीच्या कस्टम्समधून सोडवून, ठरलेल्या बंदरात, खरेदीदाराने ठरवलेल्या जहाजावर चढवून द्यायचा. तिथे त्याचं काम संपलं. पुढचं भाडं, पुढचा विमा, पुढचं नुकसान हे सगळं घेणाऱ्याचं. आपला सौदा ‘एफओबी न्हावा शेवा’ असता तर जर्मन माणसाने ते पत्र लिहिलंच नसतं.

सीआयएफमध्ये विकणारा दोन कामं जास्त करतो. तो हॅम्बुर्गपर्यंतचं जहाजभाडं भरतो आणि घेणाऱ्याच्या फायद्यासाठी मालाचा विमा उतरवतो. म्हणून किंमतही वाढते. समजा भाडं १ लाख ९० हजार आणि विम्याचा हप्ता दहा हजार, तर ३० लाखांची एफओबी किंमत सीआयएफमध्ये ३२ लाख होईल. पण जोखीम? ती सीआयएफमध्येही न्हावा शेवालाच, माल जहाजावर चढला की, घेणाऱ्याकडे जाते. अगदी एफओबीसारखीच. एका तसूचाही फरक नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते, आणि त्याचा दोष काही अंशी संज्ञा लिहिण्याच्या रीतीकडे जातो. एफओबीपुढे माल चढवण्याच्या बंदराचं नाव लिहितात, सीआयएफपुढे माल उतरवण्याच्या बंदराचं. ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ वाचलं की हॅम्बुर्गपर्यंत सगळं विकणाऱ्याकडे असं वाटणं साहजिक आहे. खरं तर ते नाव फक्त भाडं कुठपर्यंत भरलं आहे एवढंच सांगतं. जोखीम कुठे बदलते ते बंदर त्या तीन अक्षरांपुढे लिहिलेलंच नसतं. माझं मत विचाराल तर सीआयएफच्या प्रत्येक करारात माल चढवण्याच्या बंदराचं नावही लिहायला हवं. इन्कोटर्म्स तशी सक्ती करत नाही, पण लिहिलं तर निम्मे गैरसमज जागच्या जागी मिटतील.

खर्च एका ठिकाणी हस्तांतरित होतो आणि जोखीम दुसऱ्या, हेच सीआयएफचं वैशिष्ट्य. मग ‘जहाजावर चढला’ म्हणजे नेमकं केव्हा?

पूर्वी याचं उत्तर ‘जहाजाचा कठडा’ असं होतं. क्रेनला लटकलेला माल जहाजाच्या कठड्यावरच्या काल्पनिक उभ्या रेषेपलीकडे गेला की जोखीम बदलली. या रेषेचा कस लावणारा एक प्रसिद्ध खटला आहे आणि त्यात एका बाजूला मुंबईची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आहे, १९१९ साली वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. भारत सरकारने इंग्लंडच्या पायरीन कंपनीकडून आगीचे बंब विकत घेतले होते, एफओबी लंडन. ते आणण्यासाठी सिंदियाचं ‘जलआझाद’ हे जहाज ठरलं. एक बंब क्रेनने उचलून चढवताना खाली पडला, कठडा ओलांडण्याआधीच. म्हणजे जोखीम अजून पायरीनकडेच होती. दुरुस्तीला ९६६ पौंड लागले. पायरीनने सिंदियावर दावा लावला. सिंदियाने सांगितलं की जहाजवाहतुकीच्या नियमांप्रमाणे आमची जबाबदारी २०० पौंडांपुरती मर्यादित आहे. पायरीनचं म्हणणं असं, की वाहतुकीचा करार भारत सरकारचा होता, आमचा नव्हे. आम्हाला ती मर्यादा कशी लागू? १९५४ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल सिंदियाच्या बाजूने दिला. पण निकालपत्रात त्यांनी या कठड्याची चांगलीच खिल्ली उडवली: हवेत झुलणाऱ्या मालाबरोबर दोन पक्षांच्या जबाबदाऱ्याही इकडून तिकडे झुलताना पाहून समाधान वाटेल असा वकील फारच हौशी असला पाहिजे, असा त्यांचा सूर होता.

या झुलत्या रेषेला इन्कोटर्म्समधून निरोप मिळायला मात्र २०१० साल उजाडलं. त्या आवृत्तीपासून कठडा गेला आणि माल जहाजावर ठेवला गेला की जोखीम बदलते असा साधा नियम आला. आज बंब कठडा ओलांडून डेकच्या वर लटकत असताना पडला, तरी तो विकणाऱ्याचाच पडला.

आता हळदीकडे वळू. तिचा प्रवास सांगलीच्या गोदामातून सुरू होतो. कंटेनर दारात आला, पोती भरली, सील लागलं, ट्रेलर घाट उतरून न्हावा शेवाला पोचला. तिथे टर्मिनलच्या फाटकातून आत गेला की कंटेनर निर्यातदाराच्या नजरेआड होतो. टर्मिनलच्या यार्डात तो इतर हजारो डब्यांच्या थप्पीत उभा राहतो. ठरलेलं जहाज उशिरा आलं किंवा भरगच्च निघालं तर तो पुढच्या जहाजासाठी मागे ठेवला जातो. हे दिवस दोन असतील, आठही असतील. या काळात कंटेनर शिपिंग कंपनीच्या आणि टर्मिनलच्या ताब्यात आहे. निर्यातदार त्याला हातही लावू शकत नाही. पण सौदा एफओबी असो की सीआयएफ, जोखीम अजून त्याचीच आहे, कारण डबा जहाजावर चढलेला नाही.

पावसाळ्यात हीच जागा वाईट. कंटेनरच्या छतात गंजून पडलेलं सुईएवढं भोक असेल आणि त्यावर न्हावा शेवाचा पाऊस चार दिवस कोसळला, तर वरच्या थरातली पोती बंदर सोडण्याआधीच भिजलेली असतात. डबा बंद, सील शाबूत. जहाजवाला बिल ऑफ लेडिंग देतो, तेही स्वच्छ, शेऱ्याशिवाय. त्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही. बंद कंटेनरच्या बिलावर ‘आत अमुक माल असल्याचं पाठवणाऱ्याचं म्हणणं’ अशा अर्थाची ओळ असते. आतल्या पोत्यांच्या स्थितीबद्दल ते काहीच सांगत नाही.

म्हणून हॅम्बुर्गमध्ये पहिलं काम सर्व्हेअरचं. ओल्या पोत्यावर किंवा डब्याच्या आतल्या पत्र्यावर तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, त्यातल्या क्लोराइडशी सिल्व्हर नायट्रेटची गाठ पडली की दुधासारखा पांढरा साका दिसतो. तो दिसला तर समुद्राचं पाणी असण्याची शक्यता मोठी, आणि ते बहुधा प्रवासात शिरलं. दिसला नाही तर पाणी गोडं: एक तर पाऊस, नाही तर डब्याच्या आतच तयार झालेला ओलावा. एवढ्यावर खटला निकालात निघत नाही, पण पुढचे प्रश्न कुणाला विचारायचे हे ठरतं.

समुद्राचं पाणी निघालं, तर नुकसान माल चढल्यावरचं. जोखीम तोवर जर्मन खरेदीदाराकडे गेलेली. सांगलीच्या व्यापाऱ्याला पूर्ण ३२ लाख मिळाले पाहिजेत आणि खरेदीदाराने विमा कंपनीकडे किंवा जहाजवाल्याकडे दाद मागायची.

पाऊस निघाला आणि तो यार्डातला होता हे छतावरचं भोक, गंजाचे डाग, बंदरातल्या मुक्कामाच्या तारखा यांवरून सिद्ध झालं, तर नुकसान विकणाऱ्याचं. पण तोच पाऊस माल उतरल्यावर हॅम्बुर्गच्या यार्डातला असेल तर घेणाऱ्याचं. भोक तेच, पाणी तसंच, फक्त बंदर वेगळं, आणि साडेचार लाख या खिशातून त्या खिशात. कुठल्या बंदरात पाऊस शिरला हे सांगणं अनेकदा अशक्य असतं, आणि मग भांडण वकिलांच्या ताटात पडतं. कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दारं बंद करायची आणि कुठून उजेड येतो का ते पाहायचं, ही दोन मिनिटांची तपासणी फोटोसह जपून ठेवणारा निर्यातदार या भांडणात बराच वरचढ असतो.

तिसरं पाणी सगळ्यांत कपटी. हळद पुरेशी वाळलेली नव्हती, किंवा पोती दमट हवेत भरली, किंवा कंटेनरची लाकडी जमीनच ओली होती. डबा उष्ण समुद्रातून थंड युरोपकडे जातो तसं छताचा पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्यावर जमते आणि थेंब थेंब वरच्या पोत्यांवर टपकते. या धंद्यात त्याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. थेंब भर समुद्रात पडले, म्हणजे जोखीम घेणाऱ्याकडे गेल्यानंतर. तरीही कारण जर ओली हळद किंवा अपुरं पॅकिंग असेल, तर तो जोखमीचा प्रश्नच उरत नाही. विकणाऱ्याने मुळात करारातला माल दिला नाही असं ठरतं. जोखीम घेणाऱ्याकडे गेली म्हणून माल चढवण्याच्या वेळीच त्यात असलेला दोष माफ होत नाही. इथे इन्कोटर्म्स गप्प बसतं. मालाच्या दर्जाचा करार, ओलाव्याची ठरलेली टक्केवारी आणि चढवण्याआधीचा तपासणी अहवाल बोलू लागतात.

समजा, समुद्राचंच पाणी निघालं. जर्मन खरेदीदार म्हणेल, हरकत नाही, तुम्ही विमा उतरवला आहे, पॉलिसी द्या. सीआयएफमध्ये विकणाऱ्याने किमान करारकिमतीच्या ११० टक्क्यांचा विमा उतरवायचा असतो. इथे ३५ लाख २० हजारांचा. वरचे दहा टक्के घेणाऱ्याच्या अपेक्षित नफ्यासाठी धरलेले. पॉलिसी येते, खरेदीदार ती उघडतो आणि त्याला कळतं की साठ पोत्यांसाठी तिच्यात एक पैसाही नाही.

याचं कारण विम्याचा दर्जा. सागरी मालविम्याचे तीन ठरावीक संच जगभर वापरले जातात, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, बी आणि सी. सीआयएफमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने फक्त सी घ्यायचा असतो, आणि तो सगळ्यांत तोकडा. आग, स्फोट, जहाज बुडणं, रुतणं, आदळणं अशी मोठी संकटं त्यात आहेत. जहाजात किंवा कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी बीमध्ये आहे, सीमध्ये नाही. चोरी, पावसाचं पाणी, पोती फाटणं यांसाठी ए लागतो. मूठभर पोती भिजणं हे हळदीच्या धंद्यातलं नेहमीचं नुकसान, पण ते सीच्या जाळ्यातून अलगद निसटतं. विकणाऱ्याने करारभंग केला का? मुळीच नाही. त्याने नियमाप्रमाणे किमान विमा घेतला. ए हवा होता तर खरेदीदाराने करार करतानाच तसं लिहून घ्यायचं होतं. हप्त्यातला फरक फारसा नसतो. आणि विलंब तर एमध्येही नाही. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजं सुएझ टाळून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली. त्यामुळे खरेदीदाराचा हंगाम हुकला तर त्याची भरपाई विमा देत नाही आणि सीआयएफचा विकणाराही देत नाही. विकणाऱ्याला झळ बसते ती वेगळी: त्याने भाडं धरून किंमत ठरवून टाकलेली असते आणि मधल्या काळात वाढलेलं भाडं त्याच्याच खिशातून जातं. सीआयएफमध्ये विकणाऱ्याला धोका आहे तो लाटांचा कमी, भाड्याच्या दराचा जास्त.

सीआयएफचा सौदा खऱ्या अर्थाने कागदांचा सौदा आहे. विकणाऱ्याने बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस आणि विम्याची पॉलिसी बरोबर दिली की घेणाऱ्याने पैसे द्यायचे. माल तळाला गेला असला तरी. हे अतिशयोक्त वाटेल, पण पहिल्या महायुद्धात नेमकं हेच घडलं. अल्गॉन्क्विन नावाचं अमेरिकी जहाज मार्च १९१७मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावर सीआयएफ लंडन विकलेला स्टार्च आणि मक्याचा पाक होता. विकणाऱ्याने जहाज बुडाल्यानंतर कागद पुढे केले आणि पैसे मागितले. इंग्लंडच्या न्यायालयात हे प्रकरण गेलं तेव्हा न्यायमूर्ती मॅककार्डी यांनी सांगितलं की माल नष्ट झाला आहे हे माहीत असूनही विकणारा योग्य कागद देऊ शकतो आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले पाहिजेत. तत्त्व विकणाऱ्याच्या बाजूचं, पण खटला तो हरला. कारण त्याने विम्याची खरी पॉलिसी दिली नव्हती, विमा आहे असं सांगणारं पत्र दिलं होतं. सीआयएफमध्ये घेणाऱ्याच्या हातात बुडालेल्या मालाच्या बदल्यात विम्याचा हक्क यायला हवा. तो कागदच लंगडा असेल तर सगळा व्यवहार लंगडा.

हेच चित्र उलट बाजूने, आयातदाराच्या जागेवरून पाहू. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या वान हाय ५०३ या कंटेनर जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आग लागली. अशा जहाजावर भिवंडीच्या एखाद्या आयातदाराचा ‘सीआयएफ न्हावा शेवा’ घेतलेला डबा असेल, तर त्याची पहिली प्रतिक्रिया ‘माल अजून माझ्याकडे पोचलाच नाही, पैसे कशाचे देऊ’ अशी होते. पण जोखीम परदेशातल्या बंदरातच त्याच्याकडे आलेली असते. आग सीमध्येही आहे, तेव्हा पॉलिसी हातात असेल तर मार्ग निघतो. तोच सौदा एफओबी असता आणि त्याने स्वतः विमा काढला नसता, तर राख त्याची आणि बिलही त्याचं.

आगीतून किंवा रुतण्यातून जहाज वाचलं तर आणखी एक हिशेब येतो. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम सोसलेलं नुकसान आणि केलेला खर्च जहाजमालक व सगळे मालधनी यांच्यात मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटला जातो. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. २०२१च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा जहाजमालकाने हेच जाहीर केलं. अशा वेळी ज्यांच्या डब्याला ओरखडाही आलेला नसतो, त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल सोडवता येत नाही. एफओबी असो वा सीआयएफ, ही हमी सहसा घेणाऱ्यालाच द्यावी लागते, कारण समुद्रातला माल त्याच्या जोखमीवर असतो. विमा असेल तर विमा कंपनी ती देते. मालविमा असण्याचं हे एक कारण बहुतेकांच्या लक्षातच नसतं.

आपल्या निर्यातदारांना एफओबी आवडतं, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं आहे. भाड्याच्या चढउताराची कटकट नाही, विमा नाही, माल चढला की सुटलो. ‘सुटलो’ हा शब्द मात्र जपून वापरावा. जोखीम घेणाऱ्याकडे गेली याचा अर्थ पैसे आले असा होत नाही. हळद एफओबी पाठवली, वाटेत भिजली, आणि खरेदीदाराने कागदच सोडवले नाहीत, तर कायद्याने पैसे त्याने द्यायचे असले तरी तो देत नाही. माल परदेशी बंदरात, खराब झालेला, आणि निर्यातदाराच्या नावावर विमा नाही, कारण समुद्रातला विमा काढणं त्याचं कामच नव्हतं. ईसीजीसीची पॉलिसी असेल तर ती पैसे बुडण्याच्या जोखमीसाठी असते, भिजलेल्या पोत्यांसाठी नाही. या फटीसाठी विमा कंपन्यांकडे विकणाऱ्याच्या हितसंबंधाची एक वेगळी पॉलिसी मिळते. ती फारच थोडे निर्यातदार घेतात.

एफओबीची दुसरी बाजूही आहे. जहाज ठरवण्याचं काम घेणाऱ्याचं. त्याने जहाजाचं नाव वेळेत कळवलं नाही, किंवा त्याचं जहाज आलंच नाही, तर माल बंदरात पडून राहतो. अशा वेळी माल याच करारासाठी वेगळा काढून ठेवलेला असेल, तर ठरलेल्या तारखेपासून किंवा ठरलेली मुदत संपल्यापासून जोखीम घेणाऱ्याकडे जाते, माल जहाजावर चढलेला नसला तरी. मग यार्डातला पाऊससुद्धा त्याचा. पण अमुक कंटेनर याच सौद्याचा हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

यार्डातल्या त्या बेवारस दिवसांचं काय करायचं? इंटरनॅशनल चेंबरचं उत्तर सरळ आहे: कंटेनरसाठी एफओबी आणि सीआयएफ वापरूच नका. त्यांच्या जागी एफसीए आणि सीआयपी वापरा. त्यांत माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम जाते, जहाजावर चढेपर्यंत थांबावं लागत नाही. सांगलीच्या व्यापाऱ्याने टर्मिनलमध्ये डबा सोपवला की तो मोकळा. सीआयपीमध्ये तर २०२०पासून विम्याचा किमान दर्जाही ए झाला आहे, सीआयएफमध्ये तो सीच राहिला.

मग लोक ते वापरत का नाहीत? सवय, आणि बँक. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँका माल जहाजावर चढल्याचा शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग मागतात, आणि एफसीएमध्ये विकणाऱ्याला तसा कागद मिळेलच याची खात्री नसे. २०२०च्या आवृत्तीने यासाठी एक वाट काढली: दोघांनी ठरवलं तर खरेदीदार शिपिंग कंपनीला सांगतो की माल चढल्यावर तसं बिल विकणाऱ्याला द्या. सोय झाली आहे, पण इनव्हॉइसचे जुने नमुने अजून बदललेले नाहीत. खुल्या जहाजात ओतून जाणारा कोळसा किंवा गोणींनी भरलेली साखर यांच्यासाठी मात्र एफओबी-सीआयएफ आजही चपखल आहेत, कारण तिथे माल खरोखर जहाजाला लागूनच सुपूर्द होतो.

एक शेवटचा मुद्दा कंटाळवाणा आहे पण महाग पडू शकतो. करारात नुसतं ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ न लिहिता ‘सीआयएफ हॅम्बुर्ग, इन्कोटर्म्स २०२०’ असं लिहायचं. एफओबी ही अक्षरं सगळीकडे एकाच अर्थाची नाहीत. अमेरिकेच्या देशांतर्गत व्यापारात एफओबी जहाजाशी बांधलेलं नसतं. ते ट्रक आणि रेल्वेलाही लागतं, आणि त्यापुढे जर माल पोचण्याच्या गावाचं नाव असेल तर तिथपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, असा अमेरिकी व्यापारी संहितेचा परंपरागत अर्थ आहे. शिकागोच्या खरेदीदाराने ‘एफओबी शिकागो’ लिहून पाठवलं आणि सांगलीच्या माणसाने ते ‘आपलंच एफओबी’ समजून सही केली, तर हळद शिकागोच्या गोदामाच्या दारापर्यंत त्याचीच.